किटलीवर ज्योत नको

तिला ऑफिसात सगळे 'दोनोळी' म्हणत, कारण ती दिवसभर दोन-दोन ओळीच लिहायची. भाषेची मोठी पदवी घेऊन, एका जाडजूड कादंबरीची पहिली तीन प्रकरणं कपाटात ठेवून, बाई एका खरेदीच्या अ‍ॅपसाठी नोटिफिकेशन लिहीत होती. लोकांच्या खिशातला फोन थरथरतो, लोक कामं टाकून तो बाहेर काढतात, आणि त्यांना कळतं की बुटांवर सूट आहे. हे थरथरणं दोनोळीच्या लेखणीचं. मराठी साहित्याने तिच्याकडून यापेक्षा जास्त अपेक्षा केली नव्हती, आणि घरमालकाने भाड्याशिवाय कसलीच केली नव्हती, त्यामुळे एकूण बरं चाललं होतं.

तिचा वरिष्ठ 'वाढ विभागा'चा प्रमुख होता, म्हणून त्याच्या पाठीमागे त्याला 'वाढप्या' म्हणायची रीत पडली होती. माणूस वाईट नव्हता. वाईट असायला थोडा विचार लागतो. त्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा होता आणि त्या पडद्यावर एकच आकडा दिसे: टॅप रेट. म्हणजे ज्या फोनवर नोटिफिकेशन पोचलं, त्यातल्या शंभरांपैकी किती जणांनी त्यावर बोट ठेवलं. आकडा वर गेला की वाढप्या सगळ्यांना कॉफी पाजायचा, खाली गेला की दोनोळीला बोलावून घ्यायचा.

इमोजी कानामागून आली आणि तिखट झाली ती साध्या एका चाचणीमुळे. सेल संपायला आला होता. दोनोळीने एक ओळ लिहिली आणि ती दोन रूपांत पाठवली: अर्ध्या ग्राहकांना नुसती, अर्ध्यांना शेवटी एक धावणारा बूट चिकटवून. मजकूर तोच, वेळ तीच, ग्राहक चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटलेले. बुटाची ओळ जिंकली, आणि चांगली जिंकली. वाढप्याने खुर्चीतून उडी मारली.

"इमोजी चालते!" तो ओरडला.

"चालली," आकडे तपासणारा म्हणाला. या गृहस्थाचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. बाकी सगळ्यांसाठी तो 'परंतु'. "ही एक चालली. या ओळीला, या सेलला, या आठवड्यात. परंतु नव्या नवलाईचे नऊ दिवस असतात. आणि बूट बुटांच्या ओळीत शोभतो, म्हणून उद्या औषधाच्या बाटलीवरही…"

वाढप्या तोपर्यंत कॉफी सांगायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी नियम निघाला. यापुढे एकही नोटिफिकेशन इमोजीशिवाय जाणार नाही. कमीत कमी दोन. माणसं विसरतात म्हणून ते काम यंत्राकडे दिलं गेलं: ओळ कपड्यांची असेल तर नाचणारी बाई, पुस्तकांची असेल तर चमचमणारे तारे, स्वयंपाकघराची असेल तर आगीची ज्योत. दोनोळीने ओळ लिहून बटण दाबलं की यंत्र तिच्या पुढेमागे आपले दागिने चढवून मोकळं. चापूनचोपून लिहिलेल्या वाक्याला कुणी परस्पर लिपस्टिक लावावी तसं तिला व्हायचं.

मग जे व्हायचं ते झालं. सेलच्या ओळींना काही दिवस खरोखरच जास्त बोटं लागली, मग लोकांचे डोळे सरावले आणि फरक विरघळला. कपड्यांसाठी नाचणाऱ्या बाईच्या जोडीला वाढप्याने हौसेने एकदम नवी कोरी इमोजी निवडली, ती जुन्या फोनना ओळखता येईना, तिथे तिच्या जागी रिकामा चौकोन उमटला. हजारो लोकांना 'तुमच्यासाठी खास ▯' असा निरोप गेला आणि खास काय आहे ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. उशीर झालेल्या ऑर्डरच्या माफीवर रडका चेहरा लागला, तेव्हा एका ग्राहकाने लिहून पाठवलं, "तुम्ही रडू नका, माझा पंखा पाठवा." आणि 'तुमचं पार्सल आज येतंय' या साध्या, कामाच्या निरोपावर फुगे आणि फटाके चढले, तेव्हा लोकांनी तो जाहिरात समजून न वाचता बाजूला सारला आणि पार्सलवाला बंद दारं ठोठावून परत आला. पूर्वी त्या निरोपावर सगळ्यांत जास्त बोटं पडायची.

दोनोळीने हे सगळं वाढप्याला सांगितलं. त्याने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. पडद्यावरचा टॅप रेट हळूहळू, पण दर आठवड्याला, वरच चालला होता.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" तो म्हणाला.

तो चढता आकडाच तिला खात होता. ती चूक असेल तर तसं आकडा सांगत होता, आणि ती बरोबर असेल तर आकडा का चढतोय हे तिला कळत नव्हतं.

त्यातच वाढप्याने आणखी एक शहाणपण केलं. फोनमध्ये अ‍ॅपच्या नोटिफिकेशनचे दोन प्रकार होते: एक जाहिरातींचा, एक ऑर्डरबिर्डरच्या निरोपांचा. ज्याला जाहिराती नकोत तो तेवढ्या बंद करू शके. वाढप्याला हे फार लागलं. "लोकांना पर्याय दिला की लोक वापरतात," तो दुःखाने म्हणाला, आणि त्याने दोन्ही प्रकार एक करून टाकले. आता घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर सगळं बंद करा. सगळं बंद कोण करतंय, असा त्याचा हिशेब.

एके सकाळी दर्जा तपासणाऱ्या बाई दोनोळीच्या टेबलापाशी आल्या. या बाई सहसा कुणाच्या टेबलापाशी येत नसत. त्या ईमेल लिहीत आणि ईमेलला कुणी उत्तर दिलं नाही की आणखी लांब ईमेल लिहीत. आज त्या चालत आल्या म्हणजे काहीतरी बिघडलं होतं.

"ती विजेची किटली," त्या म्हणाल्या. "पांढरी. सेलमध्ये धो धो खपलेली. पाणी उकळल्यावर ती आपोआप बंद व्हायला हवी. काही किटल्या होत नाहीयेत. दोन घरांतून तक्रार आलीय, बूड वितळलंय. एका घरात ओट्यावरचा पडदा पेटला. माणसं जागी होती म्हणून निभावलं."

"कंपनीने परत मागवली?"

"आत्ताच. पैसे परत देणार आहेत. पण आधी लोकांनी ती वापरायची थांबवायला हवी. आज."

ती किटली विकणाऱ्या ओळी दोनोळीच्याच होत्या. 'चहा तुमची वाट बघणार नाही, तुम्हीही त्याची बघू नका.' या ओळीचा तिला तेव्हा अभिमान वाटला होता. आणि तिच्या आईनेही हीच किटली घेतली होती, पोरीच्या अ‍ॅपवरून, पोरीला बरं वाटावं म्हणून.

तिने लगेच लिहिलं: 'तुमची किटली वापरू नका. प्लग काढा. ती आपोआप बंद न होण्याचा धोका आहे. पैसे परत मिळतील.' पहिली दोन वाक्यं मुद्दाम आधी, कारण फोनच्या बंद पडद्यावर निरोपाचं शेपूट कापलं जातं आणि कापलं तरी जे दिसेल त्याने जीव वाचला पाहिजे. मग यंत्राने ते कसं सजवलं ते तिने पाहिलं. स्वयंपाकघर. वाक्याच्या आधी एक ज्योत, मागे एक ज्योत. आणि पुढच्या ज्योतीने खाल्लेल्या जागेमुळे 'प्लग काढा' लहान फोनांवर कापलं गेलेलं.

ती तडक वाढप्याकडे गेली. त्याने ऐकून घेतलं, डोळे बारीक केले, आणि मग त्याचा चेहरा उजळला.

"तू इतके महिने म्हणतेस ना, की कामाच्या निरोपाला इमोजी मारक आहे? मग सिद्ध कर. अर्ध्यांना ज्योतीसकट, अर्ध्यांना साधी. तुझी साधी जिंकली तर नियम रद्द. सगळी नोटिफिकेशन तुझ्या ताब्यात, यंत्र बंद. लेखी देतो. आणि हरलीस तर…" त्याने खांदे उडवले. "यंत्र आता ओळीही लिहायला शिकतंय. तुझा करार महिनाअखेरीला संपतोच आहे."

"सर, हा आगीचा निरोप आहे."

"म्हणूनच तर ज्योत शोभते," वाढप्या म्हणाला, आणि अ‍ॅपच्या मालकीणबाईंपुढच्या सादरीकरणाला निघून गेला. टॅप रेट कसा वाढवावा, असा विषय होता.

दोनोळी जागेवर परतली. शेजारी परंतु बसला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. काचेची भिंत फक्त दिसायला भिंत असते.

"चाचणी चोख होईल," तो हळूच म्हणाला. "ग्राहक भरपूर आहेत. दुपारपर्यंत निकाल. आणि माझं मत विचारशील तर साधी जिंकेल, मोठ्या फरकाने. ज्योत बघून लोक सेल समजतील आणि ढकलून देतील. तू सुटलीस बघ."

तिने चाचणीचं पान उघडलं. पण त्यालाच राहवलं नाही.

"परंतु," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली. "मी जिंकायचं, तर अर्ध्यांनी निरोप ढकलून द्यायला हवा. जितके जास्त ढकलतील तितकी मी थोर."

तिच्या पडद्यावर सरकपट्टी होती. डावीकडे ज्योत, उजवीकडे साधी, आणि मध्ये, बरोबर मध्यावर, एक गोल ठिपका. इतके महिने तिने जो पुरावा शोधला तो त्या ठिपक्याच्या ठिकाणी बसला होता. खोटं कशाला बोला, तिला मोह झाला. मोह म्हणजे नुसता विचार नव्हे. वाढप्याचा पडलेला चेहरा तिला स्पष्ट दिसला, बंद पडलेलं यंत्र दिसलं, नव्या कराराचा कागद दिसला, आणि हे सगळं फार गोड दिसलं. मग तिला तो पडदा दिसला, ओट्यावरचा. तो तिने कधी पाहिला नव्हता, तरी दिसला.

तिने ठिपका उजव्या टोकाला नेला. सगळ्यांना साधी. यंत्राच्या दागिन्यांची खूण काढली आणि बटण दाबलं.

"आता तुला काहीच सिद्ध करता येणार नाही," परंतु म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता, पण दुःखही होतं. चोख चाचणी वाया गेली की त्याला घरातलं कुणी गेल्यासारखं होई.

"ठाऊक आहे."

मग तिने आईला फोन लावला.

"आई, आत्ताच्या आत्ता किटलीचा प्लग काढ."

"अगं, बोल तरी आधी धड. जेवलीस का?"

"आई, किटली!"

"काढते, काढते. चहा ठेवला होता आत्ताच." पावलं वाजली, बटण खटकलं. "काढला. काय झालं?"

दोनोळीने सांगितलं, आणि सांगता सांगता विचारलं, "नोटिफिकेशन नाही आलं तुला? आत्ताच पाठवलंय."

"ते होय? ते मी कधीच बंद केलंय."

"बंद केलंस? माझं अ‍ॅप?"

"तुझं म्हणून इतके दिवस ठेवलं होतं. पण काय गं ते! सकाळी उठलं की फुगे, दुपारी फटाके, संध्याकाळी नाचणारी बाई. परवा म्हणतं, आम्हाला तुमची आठवण येते, आणि पुढे रडका चेहरा. मी म्हटलं, पोटची पोर आठवड्यातून एकदा फोन करते आणि हा दुकानदार माझ्यासाठी रडतोय! नुसत्या जाहिराती बंद करायला गेले तर ते म्हणालं, सगळंच बंद होईल. मी म्हटलं, होऊ दे. शेजारच्या बाईचंही मीच करून दिलं. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, तिचा फोन वाचून दाखवतो. तो बिचारा 'आगीची ज्योत, आगीची ज्योत, चेहरा, डोळ्यांत बदाम' असं वाचत बसायचा, आणि मुख्य गोष्ट येईतो तिचा भात लागायचा."

"तिच्याकडे आहे का किटली?"

"नाही गं, तिला गॅसचाच चहा आवडतो."

दोनोळीने फोन ठेवला आणि ती परंतुकडे वळली. तिच्या डोक्यात काहीतरी खटकन बसलं होतं, आणि ते बसल्याचा तिला अजिबात आनंद झाला नाही.

"ज्यांनी नोटिफिकेशन बंद केलंय, ते टॅप रेटमध्ये धरतो आपण?"

"नाही. ज्यांच्यापर्यंत पोचलं त्यांतले किती, एवढंच. बंद केलेल्यांना पोचतच नाही." तो बोलता बोलता थांबला. "म्हणजे वैतागलेले निघून जातात. उरतात ते हौशी, काहीही आलं की बोट ठेवणारे. मग शंभरातले जास्त जण… मी हे अहवालाच्या तळटीपेत लिहिलं होतं."

"तळटीपेत?"

"तिथे परंतु लिहायची पद्धत आहे."

"किटली घेतलेल्यांपैकी किती जणांचं बंद आहे?"

त्याने बोटं चालवली. आकडा आल्यावर त्याने चष्मा काढून पुसला. पडद्यापेक्षा चष्म्यात चूक असेल तर बरं, असं त्याला वाटलं असावं.

"जवळजवळ निम्मे."

ती सादरीकरणाच्या खोलीत न विचारता शिरली. लांब टेबल होतं, टोकाला मालकीणबाई, भिंतीवर चढता आलेख आणि आलेखापुढे वाढप्या, दोन्ही हात पसरून. नेमका त्याच वेळी त्याच्या टेबलावरचा फोन चमकला. त्याने तो पाहिला आणि त्याचं तोंड कानापर्यंत गेलं.

"बघा! आत्ताचं ताजं. किटलीच्या नोटिफिकेशनला आजवरचा सगळ्यांत मोठा टॅप रेट. आपले ग्राहक नोटिफिकेशनवर किती प्रेम करतात!" मग तो दोनोळीकडे वळला. "कोणती जिंकली? ज्योतच ना?"

"ज्योत गेलीच नाही. सगळ्यांना साधी पाठवली."

"म्हणजे तुलना नाही?" वाढप्या थोडा गोंधळला, मग सावरला. त्याला सावरायला कधी वेळ लागत नसे. "मग काहीच सिद्ध होत नाही. ज्योत असती तर आणखी वाढला असता!"

"बरोबर, काहीच सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "पण किटली घेतलेल्या निम्म्या लोकांना हा निरोप पोचलेलाच नाही. त्यांनी आपल्याला बंद केलंय. फुगे नकोत म्हणून केलं, पण प्रकार एकच असल्यामुळे आगीचा निरोपही त्यातच गेला. तुमचा आलेख चढतोय, कारण वैतागलेले मोजणीतून उठून चाललेत. मला आत्ता त्यांच्या फोन नंबरवर साधा मेसेज पाठवायला परवानगी हवीय आणि जितकी माणसं मिळतील तितकी हवीत, फोन करायला."

मालकीणबाईंनी आलेखाकडे पाहिलं, मग वाढप्याकडे, मग पुन्हा आलेखाकडे. अशी माणसं चढत्या रेषेशी सहजासहजी भांडत नाहीत.

"मेसेज पाठवा," त्या अखेर म्हणाल्या. "माणसं घ्या. पण हे बाहेर कुठे नको." आणि वाढप्याला म्हणाल्या, "तुम्ही पुढे चालू ठेवा."

दारापर्यंत वाढप्या तिच्या मागे आला. "नियम मोडलास," तो दबक्या आवाजात म्हणाला, "आणि माझ्या सादरीकरणात मोडलास. महिनाअखेरीला बोलू." बोलण्यासारखं त्यात काय असणार हे दोघांनाही कळत होतं. तिला राग आला, मग भीती वाटली, आणि मग पुढे फोन होते.

मेसेज गेले. पण या अ‍ॅपचा मेसेज म्हणजे सेल, हे लोकांच्या हाडीमाशी खिळलं होतं. ते कोण उघडतंय? म्हणून सगळे फोनवर बसले: दर्जावाल्या बाई, हिशेबातल्या दोघी, परंतु, ज्याला माणसांशी बोलायची सवय नव्हती आणि जो प्रत्येकाला "नमस्कार, परंतु घाबरू नका" असं म्हणत होता. लोक नाव ऐकून फोन ठेवत. "नको आम्हाला काही." खट्. "तुम्ही परत सुरू झालात का?" खट्. एकाने तर दोनोळीला सुनावलं, की तुम्हाला बंद केलं तर आता तोंडाने यायला लागलात.

तिने कितीतरी वाक्यं करून पाहिली. नाव आधी सांगितलं, मग मागाहून सांगितलं. आवाज गोड केला, तर लोकांना सेलच वाटला. गंभीर केला, तर वसुलीवाली वाटली. साध्या शब्दावरचा लोकांचा विश्वास इतक्या महिन्यांत फुग्यांनी फोडून टाकला होता, आणि त्यातले कितीतरी फुगे तिच्याच ओळींना बांधलेले होते. तिला स्वतःची लाज वाटली. तिने पुढचा नंबर लावला.

एका बाईने उचलला. मागे भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी लहान मूल गात होतं, आणि त्या सगळ्याखाली एक बारीक, वाढत जाणारी घरघर. ती घरघर दोनोळीने ओळखली.

"किटली बंद करा," ती म्हणाली. नाव नाही, नमस्कार नाही.

"कोण बोलतंय?"

तिने अ‍ॅपचं नाव सांगितलं. पलीकडे एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"बाई, बोला पटकन. काय ऑफर आहे?"

"ऑफर नाही."

"सूट?"

"नाही."

"मग बक्षीस लागलं असेल."

"काही लागलेलं नाही. तुमच्या किटलीत बिघाड असू शकतो. ती आपोआप थांबणार नाही. प्लग काढा, एवढंच सांगायला फोन केलाय."

बाई विचार करत होती. यात पेच कुठे आहे, हे ती शोधत असणार. घरघर चढत होती.

"काहीच देणार नाही तुम्ही?" बाईने पुन्हा विचारलं.

"काहीच नाही."

"अगंबाई," ती म्हणाली, "मग खरं असेल." फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, चार घाईची पावलं वाजली, आणि घरघर थांबली.